Explained: पट्टी आणि फाशांवर खांदेरीची लढाई, नियम कसे लिहायचे?

१६७९ मध्ये खांदेरी बेटावरून मराठे आणि इंग्रज समुद्रात भिडले. १८ ऑक्टोबरच्या लढाईत 'डोव्ह' हे इंग्रजांचे गुराब मराठ्यांच्या हाती लागले. 'रिव्हेंज' मात्र टिकून राहिली. हीच चकमक ६० सेंमीच्या टेबलावर, ३० सेंमीची पट्टी आणि साध्या फाशांवर खेळायची असेल तर नियमांत काय हवे?

आधी वारा

'रिव्हेंज' शिडांवर चालते, तर गलबतांना वल्हीही असतात. हा फरक नियमांत उतरला नाही, तर खांदेरीची लढाई उरतच नाही.

टेबलाची एक कड वाऱ्याची धरा. ५ सेंमी लांब 'रिव्हेंज'चे पुढचे टोक मागच्या टोकापेक्षा त्या कडेला २.५ सेंमीहून जास्त जवळ असेल, तर जहाज वाऱ्याच्या तोंडावर आहे आणि त्या डावात ते हलत नाही. एरवी ते १० सेंमी जाते. गलबत कोणत्याही दिशेला ८ सेंमी जाते.

कोनमापकाशिवाय वळण

पुढचे टोक जागीच ठेवून मागचे टोक जास्तीत जास्त ३ सेंमी सरकवा. वाऱ्याच्या तोंडावरही एवढे वळता येते. ५ सेंमीचे जहाज यात सुमारे ३५ अंश वळते, तर ३ सेंमीचे गलबत ६० अंश. नियम एकच, पण लहान होडी आपोआप चपळ ठरते.

तोफा

'रिव्हेंज' दर डावात एकाच गलबतावर, फक्त बाजूंनी, ४ फासे टाकते. १० सेंमीच्या आत ५ किंवा ६ पडला की मारा लागतो. त्यापुढे २० सेंमीपर्यंत फक्त ६ चालतो. दोन मारे बसले की गलबत बाद.

आता हिशेब करून पाहू. 'रिव्हेंज' बेटासमोर उभी आहे. गलबत २० सेंमीवरून निघाले, की १२ आणि मग ४ सेंमीवर येते. या तीन ठिकाणी त्याला सरासरी अनुक्रमे ०.६७, ०.६७ आणि १.३३ मारे बसतात, बेरीज २.६७. म्हणजे एकटे गलबत बहुधा बुडते. तीन एकदम निघाली, तर तेच मारे तिघांत वाटले जातात आणि साधारण दोन पोहोचतात. चारपैकी दोन गलबते ८ डावांत बेटाला लागली की मराठे जिंकले, असे ठरवता येते.

कुठे फसते?

तोफांचा पल्ला ३० सेंमी केला की अर्धे टेबल माऱ्याखाली येते. गलबतांवर आणखी एक डाव मारा होतो आणि चाली रचायला जागा उरत नाही.

म्हणून बाजू बदलून किमान चार डाव खेळून पाहावेत. खेळाडू बदलूनही एकच बाजू जिंकत असेल, तर दोष नियमात आहे. अशा वेळी एकच आकडा बदलून पुन्हा खेळावे. दोन बदलले तर फरक कशाने पडला ते कळत नाही.