पास कोणता, हे वाट ठरवते

२१ जून १९७० रोजी मेक्सिको सिटीतल्या अ‍ॅझ्टेका स्टेडियमवर ब्राझीलने विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात इटलीला ४-१ असं हरवलं. पासिंग शिकणाऱ्याने त्यातला चौथा गोल नीट पाहावा. रिव्हेलिनोने डाव्या बगलेतून पुढे जोरदार लांब पास मारला. जेर्झिन्होने तो घेतला, आत वळून पेलेला दिला, आणि पेलेने उजवीकडच्या मोकळ्या जागेत चेंडू हळूच सरकवला. मागून धावत आलेल्या कार्लोस अल्बर्टोला वेग कमी न करता थेट फटका मारता आला.

असा मोजका वेग साधायचा तर सुरुवात पायाच्या आतल्या बाजूच्या पासपासून करावी. टेकवलेलं पाऊल चेंडूच्या बाजूला, साधारण वीतभर अंतरावर ठेवावं आणि त्याची बोटं साथीदाराकडे असावीत. मारणारं पाऊल बाहेर वळवून घोटा घट्ट धरावा आणि चेंडूच्या मधोमध मारावं. चेंडू उड्या मारत निघाला, तर फटका खाली बसला असं समजावं. दहा-पंधरा मीटरवरचा साथीदार आणि मधली वाट मोकळी असेल, तर हाच पास सर्वांत भरवशाचा.

अंतर वाढलं की हा पास वाटेतच मंदावतो आणि बचावपटू तो अडवतो. तिथे ड्रिव्हन पास लागतो. बोटं खाली ताणून बुटाच्या लेसच्या भागाने चेंडूच्या मध्यावर जोरात मारावं. गुडघा चेंडूवर आणि अंग किंचित पुढे झुकलेलं असलं, तर चेंडू जमिनीलगत जातो. अंग मागे गेलं की तो वर उडतो. वाट क्षणभरच मोकळी असते तेव्हा, किंवा खेळ एका बगलेतून दुसरीकडे फिरवताना तो उपयोगी पडतो. मात्र असा पास थोपवणं कठीण असतं. जवळच्या साथीदाराला तो मारला, तर चेंडू त्याच्या पायाला लागून बाहेर उसळतो.

बचावपटू वाटेतच उभा असेल, पण त्याच्या पाठीमागे जागा असेल, तर चिप. बुटाचं टोक चेंडूखाली झटक्यात घालायचं आणि पाय पुढे न नेता तिथेच थांबवायचा. त्यामुळे चेंडू वर जाताना उलटा फिरतो आणि टप्पा पडल्यावर फार पुढे पळत नाही. पाय पुढे गेला, तर ही फिरकी कमी होते आणि चेंडू गोलरक्षकाच्या हातात जातो. चेंडू आपल्याकडे येत असेल तर चिप सोपी, आपल्यापासून दूर चालला असेल तर अवघड. बचावपटू गोलच्या जवळ मागे सरकून उभे असतील, तर त्यांच्यामागे जागाच उरत नाही. तिथे चिप वाया जाते.

म्हणून चेंडू पायाशी येण्याआधीच मान वर करून वाट पाहून घ्यावी. जवळ आणि मोकळी असेल तर आतली बाजू, लांब आणि मोकळी असेल तर ड्रिव्हन, बंद असून मागे जागा असेल तर चिप.