मध टिकतो तो कोरडेपणावर

फुलातून मधमाशी जो मकरंद आणते, तो पाण्यासारखा पातळ असतो. कित्येक फुलांच्या मकरंदात सत्तर-ऐंशी टक्के पाणीच असतं. तो तसाच ठेवला तर आपल्याकडच्या उन्हाळ्यात लवकरच आंबेल. म्हणून पोळ्यातल्या माशांचं खरं काम मकरंद आणल्यावर सुरू होतं. त्या तो एकमेकींच्या तोंडात देत-घेत राहतात, कोठड्यांमध्ये पातळसर पसरतात आणि पंखांनी सतत वारा घालून आटवतात. पाणी अठरा टक्क्यांच्या आसपास उतरलं की कोठडीवर मेणाचं झाकण बसतं. मधपाळ चौकट उचलून आधी हेच पाहतो. बहुतेक कोठड्या मेणाने बंद झालेल्या असतील तरच ती मधयंत्रात घालायची. घाईने उघड्या कोठड्यांचा मध काढला तर तो पुढे आंबण्याची भीती राहते.

अठरा टक्के पाणी म्हणजे कमी नव्हे. गव्हातही साधारण बारा टक्के असतं. पण मधातलं हे पाणी मोकळं नसतं. जवळपास ऐंशी टक्के भाग साखरेचा, मुख्यतः फळशर्करा आणि ग्लुकोज यांचा, आणि त्यांच्या रेणूंनी पाणी धरून ठेवलेलं असतं. अशा मधात एखादा जिवाणू पडला तर त्याला पाणी मिळत नाहीच, उलट त्याच्याच पेशीतलं पाणी बाहेर ओढलं जातं. मोरांबा टिकतो तो याच कारणाने.

माशांनी मकरंदात मिसळलेलं एक विकर ग्लुकोजपासून आम्ल तयार करतं, त्यामुळे मध बराच आम्लधर्मी असतो. त्याच क्रियेत हायड्रोजन पेरॉक्साइडही तयार होतं, पण ते मुख्यतः मध पातळ झाल्यावर. बरणीतल्या घट्ट मधाची मोठी राखण कोरडेपणाच करतो.

या कोरडेपणालाही न जुमानणारे काही यीस्ट आहेत. ते फुलांतून, मातीतून, माशांच्या अंगावरून मधात आधीच आलेले असतात आणि संधीची वाट पाहत पडून राहतात. कॅनडातल्या ए. जी. लोचहेड यांनी १९३३ साली मधाचे नमुने तपासून या संधीची सीमा दाखवली. पाणी १७.१ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर यीस्ट कितीही असले तरी वर्षभरात मध आंबत नाही. २० टक्क्यांच्या वर गेलं की धोका कायमचा. मधल्या पट्ट्यात यीस्टची संख्या किती, यावर सगळं अवलंबून.

आता बरणीच्या झाकणाकडे येऊ, कारण सारी मेख तिथे आहे. मध हवेतला ओलावा ओढून घेतो. एक किलो मधात अठरा टक्के, म्हणजे १८० ग्रॅम पाणी आणि बाकीचा ऐवज ८२० ग्रॅम, असं धरू. पाणी वीस टक्क्यांवर न्यायला किती ओलावा लागेल? फक्त २५ ग्रॅम, म्हणजे जेमतेम पाच चहाचे चमचे. हवेतली सापेक्ष आर्द्रता साठ टक्क्यांच्या बरीच वर गेली की असा मध ओलावा घेऊ लागतो, आणि कोकणात पावसाळ्यात ती सहज पंच्याऐंशी-नव्वद असते. झाकण उघडं राहिलेल्या बरणीत हे पाणी आपसूक, वरच्या थरापासून मुरत जातं. ओला चमचा घातला तर तेच काम आपण हाताने करतो. हवाबंद झाकण मधात नवी ताकद घालत नाही. माशांनी बाहेर काढलेलं पाणी परत आत येऊ देत नाही, एवढंच.

सातेरी आणि आग्या माशांचा आपल्याकडचा मध पुष्कळदा मुळातच पातळ निघतो, पाणी वीस टक्क्यांच्याही वर. असा मध बरणी कितीही घट्ट लावली तरी आंबू शकतो. आंबू लागल्याची खूण ओळखता येते: वर बारीक फेस, झाकण उघडताना वायूचा सुस्कारा, आंबटसर दारूसारखा वास.

मध खाली दाणेदार होऊन बसला की लोक भेसळीचा संशय घेतात. ते ग्लुकोजचे स्फटिक असतात. मध खराब झालेला नसतो, पण इथे एक सूक्ष्म गोष्ट घडते. स्फटिकात ग्लुकोज जेवढं पाणी सोबत नेतं, ते साधारण नऊ टक्केच. म्हणून उरलेला द्रव आधीपेक्षा पातळ होतो. दाण्यांवर पातळ थर दिसला तर आंबण्याची सुरुवात तिथूनच व्हायची शक्यता अधिक. बरणी कोमट पाण्यात ठेवून मध पुन्हा एकजीव करावा. उकळू नये, वास आणि विकरं जातात. फार जुना मध गडद होतो, त्याचा सुगंध ओसरतो, तेही झाकणाने थांबत नाही.

आणि जंतू वाढत नाहीत म्हणजे ते मरतातच असं नाही. बॉट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू मधात निद्रिस्त राहू शकतात. मोठ्यांच्या आतड्यात त्यांचं सहसा काही चालत नाही, पण तान्ह्या बाळाच्या आतड्यात ते रुजून विष तयार करू शकतात. म्हणून बाळाला चाटण म्हणून मध देण्याची आपली पद्धत सोडायला हवी. एक वर्ष पूर्ण होईपर्यंत मधाचं बोटसुद्धा नको.