नकाशातली खिडकी

सरकारी रुग्णालयात नोकरी करताना डॉक्टरला कधीकधी बांधकामाच्या बैठकीतही बसावे लागते. काही वर्षांपूर्वी मी अशाच एका बैठकीत होतो. टेबलावर नव्या वॉर्डाचा नकाशा होता. प्रस्तावात ‘इमारत पर्यावरणपूरक असेल’ असे वाक्यही होते. पण किती वीज लागावी, किती हवा खेळावी, कचरा कुठून बाहेर जावा, याचा एकही आकडा नव्हता. आकडा नसेल, तर काम झाल्यावर तपासायचे तरी काय?

उदाहरण म्हणून १२ खाटांचा वॉर्ड घेऊ. लांबी १२ मीटर, रुंदी ७ मीटर, उंची ३ मीटर. नैसर्गिक हवेवर चालणाऱ्या साध्या वॉर्डात प्रत्येक रुग्णामागे सेकंदाला ६० लिटर ताजी हवा यावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे. आपल्या वॉर्डासाठी हिशेब केला, तर खोलीतली सगळी हवा तासाला साधारण दहा वेळा बदलायला हवी. त्यासाठी समोरासमोरच्या भिंतींत खिडक्या हव्यात आणि त्यांचा उघडणारा भाग जमिनीच्या क्षेत्रफळाच्या किमान २० टक्के, म्हणजे इथे जवळपास १७ चौरस मीटर हवा.

नकाशात खिडक्या १७ चौरस मीटरच्याच होत्या. मात्र त्या सरकत्या होत्या. सरकती खिडकी कितीही ढकलली तरी निम्मीच उघडते. म्हणजे कागदावर २० टक्के आणि प्रत्यक्षात १०. बिजागरीची खिडकी पूर्ण उघडते. हा बदल नकाशावर पेन्सिलीने होतो. भिंत उभी राहिल्यावर त्यासाठी तोडफोड करावी लागते.

हवा कमी पडली की वॉर्ड कोंदट होतो, मग एसीची मागणी येते. दीड टनाचे चार एसी दिवसभर पूर्ण क्षमतेने चालले तर १४४ युनिट होतात. कॉम्प्रेसर मधूनमधून थांबतो म्हणून निम्मे धरले, तरी रोजचे ७२. त्याच वॉर्डात ७५ वॉटचे आठ पंखे चोवीस तास फिरले तर साधारण १४ युनिट लागतात; कमी वीज खाणारे ३५ वॉटचे पंखे घेतले तर सातच्या आत. शिवाय भिंतीवरचा साधा एसी बाहेरची हवा आत आणत नाही, खोलीतलीच हवा थंड करून फिरवतो. दारे-खिडक्या बंद, आणि आत न ओळखलेला क्षयाचा एखादा रुग्ण खोकत असेल, तर काय होईल ते सांगायला नको.

पेरूची राजधानी लिमा इथल्या आठ रुग्णालयांत झालेला एक अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. १९५० पूर्वीच्या, उंच छताच्या आणि मोठ्या खिडक्यांच्या खोल्यांत, सारे उघडे असताना हवा तासाला सुमारे ४० वेळा बदलत होती; नव्या इमारतींत १७ वेळा. औषध सुरू न झालेल्या क्षयरुग्णांसोबत एक दिवस काढणाऱ्या शंभरांपैकी किती जणांना लागण होईल, याचा त्यांनी अंदाज बांधला. जुन्या खोल्यांत ११, नव्यांत ३३, आणि यंत्राने तासाला १२ वेळा हवा बदलणाऱ्या बंद खोल्यांत ३९.

म्हणून एसी सरसकट नको, असे मात्र नाही. शस्त्रक्रियागृह आणि अतिदक्षता विभागाला तो लागतोच. विदर्भातल्या मे महिन्यात केवळ खिडकीने भागत नाही. तिथे छताला उष्णतारोधक थर, खिडक्यांना छज्जे हेही नकाशातच यायला हवे. डासांची जाळी वारा अडवते आणि थंडीत नातेवाईक रात्री खिडक्या लावून घेतात. तेव्हा वरच्या बाजूला कायम उघडा राहणारा झरोका कामी येतो.

कचऱ्याचेही असेच. जैववैद्यकीय कचरा प्रक्रियेविना ४८ तासांपेक्षा जास्त ठेवू नये, असा नियम आहे. म्हणजे दोन दिवसांचा कचरा मावेल अशी कुलपाची खोली हवी आणि गाडी तिच्या दारापर्यंत यायला हवी. नकाशात ती खोली नसली, की पिवळ्या पिशव्या जिन्याखाली साठतात. साध्या कचऱ्यात त्या मिसळल्या की सगळाच ढीग संसर्गजन्य धरावा लागतो.

त्या बैठकीत आम्ही ‘पर्यावरणपूरक’ हा शब्द खोडला आणि त्याजागी तीन ओळी लिहिल्या: उघडणारी खिडकी जमिनीच्या २० टक्के, वॉर्डाच्या विजेसाठी स्वतंत्र मीटर, कचऱ्याच्या खोलीला गाडीचा रस्ता. खाली एक अटही घातली: शेवटचे बिल निघण्याआधी मोजणी करायची.

मोजणीला महागडी उपकरणे लागत नाहीत. खिडकीला टेप लावायची आणि तिच्याजवळ पेटती उदबत्ती धरायची. धूर सरळ वर चढत राहिला तर हवा हलत नाही. तो एका खिडकीकडून समोरच्या खिडकीकडे वाहत गेला, तर वॉर्ड श्वास घेतो आहे.