फरक वीस हजारांचा, चूक लाखाची

तालुक्याच्या गावातली एक पतसंस्था. जुन्या कर्ज खतावण्या संगणकावर घ्यायचं काम सुरू आहे. खतावणीच्या पानांचे फोटो काढायचे, सॉफ्टवेअर त्यातले हाती लिहिलेले आकडे वाचणार आणि एक्सेलच्या रकान्यांत भरून देणार. काम संपल्यावर बेरीज घेतली, तर सभासदांकडचं येणे कर्ज ४८,१६,५०० रुपये निघालं. सामान्य खतावणीत त्याच तारखेला, म्हणजे ३१ मार्चला, ४८,३६,५०० रुपये होते. वीस हजार कमी.

ही संस्था आणि तिथल्या लिपिक बाई रचलेल्या आहेत, गोष्ट नीट सांगता यावी म्हणून. तिच्यातल्या चुका मात्र जुनी दप्तरं संगणकावर घेणाऱ्या कुठल्याही कचेरीत होऊ शकतात.

फरक निघाला की जुने कारकून काही ठरलेल्या युक्त्या करून पाहतात. बाईंनीही तिथूनच सुरुवात केली. आधी नेमकी वीस हजारांची बाकी शोधायची, कदाचित तीच वगळली गेली असेल. मग निम्म्याची, म्हणजे दहा हजारांची, कारण जमा रक्कम नावे पडली किंवा नावे रक्कम जमा झाली की फरक दुप्पट दिसतो. मग फरकाला नऊने भागायचं. शेजारचे दोन अंक उलटे पडले, म्हणजे ५४०चे ४५० झाले, तर फरक ९० येतो, आणि अशा उलटापालटीतला फरक नेहमी नऊने निःशेष भागला जातो. वीस हजारांना नऊने भागलं की बाकी उरते, त्यामुळे निव्वळ उलटापालट नव्हे. शेवटची युक्ती थेट अंकाची. फरकात एकच अंक आणि पुढे नुसती शून्यं असतील, तर कुठेतरी एकच अंक चुकीचा वाचला गेल्याची शक्यता मोठी. इथे दशहजारच्या जागी दोनाचा फरक होता. बाईंनी ज्या बाक्यांत दशहजारच्या जागी अंक होता, त्या सगळ्या फोटोंशी ताडून पाहायला घेतल्या. तीनाचा एक वाचलाय का, पाचाचा तीन झालाय का, असं दोनाचं अंतर शोधत. तसं काहीच सापडलं नाही.

या सगळ्या युक्त्या उपयोगी आहेत, पण त्यांच्या पोटात एक गृहीत आहे: चूक एकच आहे. दोन चुका उलट दिशांना ओढत असतील, तर दिसणारा फरक म्हणजे त्यांची वजाबाकी असते, आणि त्या आकड्याचा दोघींपैकी एकीशीही संबंध नसतो. वीस हजारांच्या मागे लागलेल्या माणसाला वीस हजारांची चूक सापडणार कशी, जर तशी चूक कधी झालीच नसेल?

बाईंनी एकूण बेरीज बाजूला ठेवली आणि एकेक खातं तपासायला घेतलं. खतावणीत प्रत्येक खात्याच्या शेवटी वर्षाचा गोषवारा होता: मागील बाकी, वर्षात दिलेलं कर्ज, वर्षात आलेली वसुली आणि अखेरची बाकी. व्याजाचा रकाना वेगळा होता, त्याचा या हिशेबाशी संबंध नव्हता. हे चारही आकडे सॉफ्टवेअरने उचलून बी ते ई या रकान्यांत ठेवले होते, पण आतापर्यंत कचेरीतल्या कोणी शेवटच्या रकान्यापलीकडे पाहिलं नव्हतं. बाईंनी शेजारच्या रिकाम्या रकान्यात एक साधं सूत्र लिहिलं आणि खालपर्यंत ओढलं.

```
=B2+C2-D2-E2
```

मागील बाकीत नवं कर्ज मिळवा, वसुली वजा करा, त्यातून अखेरची बाकी वजा करा. आकडे बरोबर वाचले असतील तर शून्य यायला हवं. रकानाभर शून्यांची रांग लागली आणि मध्येच एका ओळीत उणे ऐंशी हजार दिसले.

त्या सभासदाची मागील बाकी २७,००० होती. वर्षात नवं कर्ज नाही. तीन-तीन हजारांचे चार हप्ते भरलेले, म्हणजे १२,००० वसूल. बाकी पंधरा हजार हवी, आणि संगणकावर होती ९५,०००. नवं कर्ज न घेता, हप्ते भरत असताना कोणाची बाकी तिपटीने वाढत नसते.

बाईंनी फोटो मोठा करून पाहिला. खतावणीत स्वच्छ १५,०००च लिहिलेले होते. फक्त वरच्या ओळीत ‘रु.’ लिहिताना उकाराची शेपटी लांब खाली आली होती आणि ती बरोबर एकाच्या अंगाला चिकटली होती. देवनागरी १ आणि ९ दोन्हींना गाठ असते आणि खाली उतरणारी शेपटी असते. हाताने लिहिताना त्यांच्यातला फरक एखाद्या छोट्या फटकाऱ्यावर येऊन ठेपतो. तो फटकारा वरच्या ओळीतून आला की अंकातूनच निघाला, हे माणसाला शाईचा ओघ पाहून कळतं. आकडे वाचणारं सॉफ्टवेअर एका चौकटीतली आकृती पाहतं, शिकलेल्या नमुन्यांशी ताडून पाहतं आणि सगळ्यात जवळचा अंक निवडतं. ही रक्कम शक्य आहे का, हा प्रश्न वेगळा विचारला नाही तर ते स्वतःहून विचारत नाही.

बाईंनी हप्त्यांच्या चार पावत्या काढल्या. चारींवर ‘अक्षरी रुपये तीन हजार मात्र’ असं लिहिलेलं होतं. अक्षरी रक्कम लिहायची पद्धत अशा वेळी खरी कामाला येते. अंक एका फटकाऱ्याने बदलतो, ‘तीन हजार’ बदलत नाहीत. १८८१च्या परक्राम्य संलेख कायद्याच्या १८व्या कलमानेही चेक-हुंडीवर अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असेल तर अक्षरी रक्कमच ग्राह्य धरायला सांगितलं आहे.

आकडा दुरुस्त झाला. बेरीज ४७,३६,५०० वर आली. फरक वीस हजारांवरून एक लाखावर गेला.

“मॅडम, हे काय?” व्यवस्थापक म्हणाले. “आधी वीस हजार होते ते बरे होते.”

“साहेब, वीस हजार कधी नव्हतेच,” बाई म्हणाल्या. “लाख कमी होते. त्यातले ऐंशी या नवाने झाकले होते.”

इथे घाबरून दुरुस्ती मागे घेणारे पुष्कळ असतात. फरक वाढला म्हणजे आपणच काहीतरी बिघडवलं, असं वाटणं स्वाभाविक आहे. पण मूळ कागदावर पंधरा हजार आहेत हे पाहिल्यावर एकूण बेरीज काय म्हणते याला त्या ओळीपुरता अर्थ उरत नाही. तसंच, वीस हजारांचा फरक किरकोळ समजून अनामत खाती टाकला असता, तर लाखाची चूक कायमची गाडली गेली असती.

आता लाखाचा शोध. आतापर्यंत फक्त अखेरच्या बाकीची बेरीज ताडून पाहिली होती. बाईंनी उरलेल्या तीन रकान्यांच्या बेरजाही सामान्य खतावणीशी ताडल्या. मागील बाकी जमली. वसुली जमली. वर्षात दिलेलं कर्ज मात्र बरोबर एक लाखाने कमी भरलं. म्हणजे शोधायचं खातं कसं आहे हे न पाहताच कळलं: याच वर्षी एक लाखाचं नवं कर्ज घेतलेला सभासद, ज्याचा एकही हप्ता अजून आलेला नाही.

व्यवस्थापकांना हे पटेना. खतावणीच्या अनुक्रमणिकेत २१४ खाती होती आणि एक्सेलची शेवटची ओळही २१४ क्रमांकाची होती. बाईंनी पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे रकान्यांची शीर्षकं होती. खाती २१३च होती.

मग खाते क्रमांक चढत्या क्रमाने लावले. १३६ नंतर थेट १३८. या खतावणीत एक खातं समोरासमोरच्या दोन पानांवर मांडलेलं होतं. फोटो काढताना दोन पानं चिकटून एकदमच उलटली गेली आणि १३७ क्रमांकाचं खातं कॅमेऱ्यापुढे आलंच नाही. फेब्रुवारीत दिलेलं एक लाखाचं कर्ज, बाकी एक लाख. ते भरल्यावर बेरीज ४८,३६,५०० झाली.

इथे सॉफ्टवेअरची चूक एका अंकाची आणि माणसाची एका पानाची. पण यंत्राची चूक याहून फसवी असू शकते. २०१३ साली डेव्हिड क्रिझेल या जर्मन संगणकतज्ज्ञाने एका घराचा नकाशा झेरॉक्स कंपनीच्या वर्कसेंटर यंत्रावर स्कॅन केला तेव्हा एक चमत्कारिक गोष्ट दिसली. मूळ कागदावर तीन खोल्यांची क्षेत्रफळं १४.१३, २१.११ आणि १७.४२ चौरस मीटर होती, आणि स्कॅनमध्ये तिन्ही ठिकाणी १४.१३ आलं होतं. फाइल लहान करण्यासाठी हे यंत्र सारखे दिसणारे तुकडे एकच मानत होतं आणि एकाच्या जागी दुसरा चिकटवत होतं. दुसऱ्या एका तक्त्यात सहाच्या जागी आठ आले. कंपनीला नंतर त्यावर सुधारणा द्यावी लागली. बाईंच्या खतावणीत फोटो मोठा केला की खरा अंक दिसत होता. या प्रकारात चित्रातच स्वच्छ, सुबक, चुकीचा अंक असतो. फोटो पाहून खातरजमा करणाऱ्याला तो कधीच कळणार नाही, मूळ कागदच काढावा लागतो.

खाते क्रमांकांना या धोक्यापासून वाचवता येतं. आधारचा बारावा अंक आधीच्या अकरा अंकांवरून काढलेला असतो. नेदरलँड्सच्या याकोबस फेरहूफ या गणितज्ञाने १९६९मध्ये मांडलेल्या रीतीने तो काढतात, आणि कुठलाही एक अंक चुकला की क्रमांक लगेच अवैध ठरतो. पंधरा हजार या रकमेच्या पाठीशी असा पहारेकरी अंक नसतो. ९५,००० हीसुद्धा तितकीच रीतसर रक्कम आहे. म्हणून रकमेचा पहारा शेजारच्या रकमांनाच करावा लागतो. मागील बाकी, नवं कर्ज आणि वसुली मिळून अखेरच्या बाकीवर लक्ष ठेवतात.

या पहाऱ्यालाही मर्यादा आहे. एखाद्याचा हप्ता वीस वर्षांपूर्वीच्या कारकुनाने भलत्याच सभासदाच्या खात्यात लिहिला असेल, तर दोन्ही खात्यांचं गणित आपापल्या जागी जमतं, एकूण बेरीजही जमते, आणि सॉफ्टवेअर तो आकडा अगदी बरोबर वाचतं. अशी चूक खतावणीत दिसत नाही, ती दिसते सभासदाच्या पासबुकात. म्हणून बाईंनी खतावणी जमल्यावर दुरुस्त केलेल्या दोन्ही ओळींपुढे फोटोचा क्रमांक आणि कारण लिहिलं, आणि २१४ सभासदांना बाकी कळवणारी पत्रं छापायला घेतली. प्रत्येक पत्राच्या खाली एक ओळ होती: ही बाकी मान्य नसल्यास पासबुक घेऊन कार्यालयात यावे.