शेगडीची कॉइल अर्धी लाल, अर्धी काळी आणि टर्मिनलवर ठिणगी. बिघाड नेमका कुठे आहे, कसं ओळखाल?

कॉइलची इलेक्ट्रिक शेगडी सुरू केली की एका बाजूची स्प्रिंग लालबुंद होते आणि दुसरी काळपटच राहते. खाली वायर जोडलेल्या ठिकाणी बारीक 'चर्र' आवाज येतो, मध्येच निळसर ठिणगी दिसते. तरीही चहा उकळतो, भात शिजतो, म्हणून शेगडी तशीच वापरली जाते. गव्हाण, उलवे परिसरातल्या भाड्याच्या खोल्यांत अशी शेगडी असणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात घ्यावी. कॉइल असमान तापणं आणि टर्मिनलवर ठिणगी पडणं ही एकाच आजाराची दोन लक्षणं नाहीत. बहुतेक वेळा हे दोन वेगळे बिघाड असतात, आणि त्यातला जास्त धोकादायक बिघाड कॉइलमध्ये नसून टर्मिनलवर असतो. दोन्ही कसे ओळखायचे, ते समजून घेऊया.

आधी टर्मिनल: ठिणगी का पडते?

समजा, गव्हाणमधल्या एका खोलीत १५०० वॉटची साधी शेगडी आहे. २३० व्होल्टवर ती साधारण साडेसहा अँपिअर करंट घेते आणि तिच्या कॉइलचा रोध सुमारे ३५ ओहम असतो. हा सगळा करंट कॉइलमध्ये जातो तो एका छोट्या जोडातून. वायरचं टोक, वॉशर, कॉइलचं टोक आणि वरून आवळलेला नट, एवढाच तो जोड. तो घट्ट आणि स्वच्छ असेल तर त्याचा रोध ओहमच्या शंभराव्या भागाइतकाही नसतो. त्यामुळे तिथे अर्धा वॉटसुद्धा उष्णता तयार होत नाही.

पण शेगडी रोज तापते आणि थंड होते. धातू प्रसरण पावतो, आकुंचन पावतो आणि नट हळूहळू सैल होतो. गव्हाण खाडीकाठचं असल्यामुळे हवेत ओल आणि खारटपणा असतो, पावसाळ्यात तर जास्तच. पितळ आणि तांब्यावर हिरवट-काळा थर चढतो. हा थर करंटला अडवतो. आता या जोडाचा रोध फक्त अर्धा ओहम झाला असं धरू. हिशेब केला तर तेवढ्या इवल्याशा जागेत सुमारे २० वॉट उष्णता तयार होते. छोट्या सोल्डरिंग आयर्नचं टोक तापवायला साधारण तेवढीच लागते.

आणि कॉइलला किती फरक पडला? १५०० ऐवजी तिला साधारण १४५५ वॉट मिळतात, म्हणजे फक्त तीन टक्के कमी. डोळ्यांना हा फरक दिसत नाही, स्वयंपाकालाही जाणवत नाही. म्हणूनच टर्मिनल जळत असलं तरी शेगडी 'नीट चालते' असं वाटत राहतं.

पुढे हे चक्र स्वतःच वेग घेतं. जोड तापला की त्यावरचा थर वाढतो, थर वाढला की रोध वाढतो आणि जोड आणखी तापतो. शेवटी दोन धातूंमध्ये क्षणभर बारीक फट पडते आणि करंट ती फट ओलांडून जातो. आपल्याला दिसते ती ही ठिणगी. प्रत्येक ठिणगी धातूवर छोटा खड्डा पाडते. त्यामुळे पुढचा स्पर्श आणखी खराब होतो.

एमसीबी का पडत नाही?

'काही गडबड असती तर एमसीबी पडली असती' हा समज इथे उपयोगाचा नाही. एमसीबी जास्त करंट वाहिला की पडते. सैल जोडामुळे करंट वाढत नाही, उलट किंचित कमी होतो. आरसीसीबी करंट जमिनीकडे गळाला तर पडते, इथे तो गळतही नाही. जोड वितळेपर्यंत किंवा वायरचं आवरण जळेपर्यंत दोन्ही यंत्रणांच्या दृष्टीने सगळं ठीक असतं. त्यामुळे इथे पहिली तपासणी आपल्या डोळ्यांनी आणि नाकानेच करावी लागते.

जळका जोड कसा ओळखायचा?

शेगडीचा प्लग काढा, फक्त बटण बंद करून थांबू नका. ती पूर्ण थंड झाल्यावर खालचं झाकण उघडा आणि पुढच्या खुणा बघा.

• नट, वॉशर काळे, निळसर किंवा हिरवट पडलेत का? चांगलं पितळ पिवळं दिसतं.

• वायरचं आवरण टोकाशी कडक, तपकिरी किंवा भेगाळलेलं आहे का? साधी पीव्हीसी वायर साधारण ७० अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानासाठी असते. आवरण वाकवताच तुटत असेल तर ती वायर याहून बरीच जास्त तापली आहे.

• आतली तांब्याची तार काळी पडली आहे का? त्यावर घट्ट आवळलेला नटही नीट जोड देत नाही.

• कनेक्टर बॅकेलाइटचा असेल तर तो कोळशासारखा झालाय का? जळालेल्या भागातून करंट वाहू शकतो, म्हणून असा कनेक्टर पुसून वापरायचा नसतो.

प्लगही बघा. १५०० वॉटची शेगडी साडेसहा अँपिअर घेते, म्हणजे ६ अँपिअरच्या छोट्या सॉकेटसाठी ती आधीच जड आहे. २००० वॉटची शेगडी तर पावणेनऊ अँपिअर घेते. छोट्या प्लगची एखादी पिन तपकिरी झाली असेल, तर टर्मिनलवर जे घडतंय तेच सॉकेटमध्येही सुरू झालेलं असतं. अशा शेगडीला १६ अँपिअरचा पॉइंट लागतो.

आता कॉइल: अर्धी लाल, अर्धी काळी का?

उघडी कॉइल नायक्रोमची, म्हणजे निकेल आणि क्रोमियमच्या मिश्रधातूची असते. अमेरिकेत अल्बर्ट मार्श यांना १९०६ मध्ये याचं पेटंट मिळालं. तापल्यावर या तारेवर क्रोमियम ऑक्साइडचा पातळ थर बसतो आणि तोच आतल्या धातूला जळण्यापासून वाचवतो. उतू गेलेलं दूध, आमटी, मिठाचं पाणी यांनी हा थर खराब होतो आणि तार तेवढ्या जागी बारीक होत जाते.

एका सलग तारेत करंट सगळीकडे सारखाच असतो. त्यामुळे एखादा भाग वेगळा चमकत असेल तर कारण त्या भागातच शोधायचं.

स्प्रिंगचे वेढे एका ठिकाणी दाटले आणि दुसरीकडे ताणले गेले, तर दाट भाग जास्त लाल दिसतो. तिथले वेढे एकमेकांना तापवतात. तार अजून शाबूत आहे, पण दाट भाग आधी तुटेल.

एकच ठिपका इतरांपेक्षा पांढरट-पिवळा चमकत असेल, तर तिथे तार बारीक झाली आहे. कॉइल बहुधा तिथेच तुटणार.

एक पट्टा पूर्ण काळा आणि बाकीची कॉइल नेहमीपेक्षा जास्त लाल असेल, तर शेजारच्या दोन ओळी एकमेकींना टेकल्या आहेत. करंट जवळची वाट धरतो, मधला भाग वगळला जातो आणि उरलेल्या तारेवर ताण येतो.

दोन कॉइलच्या शेगडीत अर्धा भाग पूर्ण काळा असेल, तर ती कॉइल तुटली आहे किंवा तिचं टर्मिनल जळालं आहे.

सगळी कॉइल सारखीच मंद असेल तर आधी पंख्याकडे बघा. तोही मंद फिरत असेल तर व्होल्टेज कमी आहे. १८० व्होल्टवर १५०० वॉटची शेगडी जेमतेम ९०० वॉट देते.

टर्मिनलजवळची एक-दोन इंच तार मात्र काळीच असायला हवी. जोडाला उष्णता कमी लागावी म्हणून ते टोक सरळ ठेवलेलं किंवा दुहेरी पिळलेलं असतं. ते लाल दिसत असेल तर काळजीचं आहे.

तुटलेली कॉइल 'मेलेली' नसते

कॉइल तुटली की शेगडी थंड पडते, पण बटण चालू असेल तर फेजच्या बाजूच्या तुकड्यात २३० व्होल्ट तसेच असतात. सॉकेटमध्ये फेज-न्यूट्रल उलटे जोडलेले असतील, तर शेगडीचं बटण बंद असूनही कॉइलमध्ये विजेचा दाब राहू शकतो. तुटलेलं टोक पत्र्याला टेकलं आणि अर्थिंग नसलं, तर सगळी बॉडी शॉक देते. म्हणून चमच्याने किंवा पकडीने टोकं 'टेकवून बघण्याआधी' प्लग काढणं हाच एक सुरक्षित मार्ग.

खात्रीसाठी मल्टिमीटर वापरता येतो. प्लग काढलेला आणि शेगडीचं बटण चालू ठेवून दोन मुख्य पिनांमध्ये मोजा. १००० वॉटला सुमारे ५३ ओहम, १५०० वॉटला ३५, २००० वॉटला २६ दिसायला हवेत. काहीच न दाखवल्यास कॉइल किंवा जोड तुटला आहे. बरंच कमी दाखवल्यास कॉइलचा काही भाग वगळला जातोय. पिन आणि पत्र्याची बॉडी यांच्यात मात्र काहीच रीडिंग येता कामा नये. पण मीटर फार थोडा करंट सोडतो, त्यामुळे अर्ध्या ओहमचा सैल जोड त्यात अनेकदा लपतो. रीडिंग बरोबर आलं तरी काळा पडलेला जोड बदलायचाच.

दुरुस्तीत काय करायचं, काय टाळायचं?

तुटलेली टोकं एकमेकांत अडकवून कॉइल पुन्हा चालते, पण दोन जुन्या, थर चढलेल्या तारांचा हा जोड खराबच असतो आणि तिथेच पुन्हा तुटतो. तुटलेला तुकडा टाकून कॉइल आखूड करणं त्याहून वाईट. १५०० वॉटच्या कॉइलची दहा टक्के तार कमी झाली, तर तिची पॉवर सुमारे १६६७ वॉट होते. प्रत्येक इंच तारेवरचा भार जवळजवळ २३ टक्के वाढतो, टर्मिनलवरचा करंटही वाढतो. इथे एक बिघाड दुसऱ्याला जन्म देतो.

त्याच वॉटची नवी कॉइल घ्या. खाचेची लांबी दोऱ्याने मोजा आणि कॉइल सगळीकडे सारखी ताणून बसवा. वायर मागे, चमकदार तांबं दिसेपर्यंत कापा. टोकाला नवा लग दाबून बसवा, नवे नट-वॉशर वापरा. टर्मिनलजवळ उष्णता सहन करणारी वायर हवी. सोल्डर इथे चालत नाही, ते साधारण २०० अंशांच्या आसपास वितळतं. चिकटपट्टीही जळते. पत्र्याला अर्थिंगची वायर जोडलेली आहे, हे झाकण लावण्याआधी बघा. हे काम येत नसेल तर वायरमनलाच द्या, पण फक्त कॉइल नाही, टर्मिनलही बदलायला सांगा.

दुरुस्तीनंतर शेगडी दहा मिनिटं चालवा, बंद करून प्लग काढा आणि प्लगच्या बाहेरच्या भागाला हात लावून बघा. कोमट असेल तर ठीक. हात ठेववत नसेल, तर एखादा जोड अजून सैल आहे. चिनी मातीची प्लेट तडकली असेल किंवा टर्मिनलचं भोक जळून मोठं झालं असेल, तर त्या शेगडीवर नवी कॉइल घालण्यात अर्थ नाही.