‘चूक झाली’ आणि ‘आम्ही चुकलो’

ऑगस्ट 2008. कॅनडातल्या टीव्हीवर टाय न लावलेला एक माणूस थेट कॅमेऱ्यात पाहून बोलू लागला. मेपल लीफ फूड्स या मांसपदार्थांच्या बड्या कंपनीचे ते प्रमुख, मायकेल मॅकेन. कंपनीच्या टोरोंटोतल्या कारखान्यातल्या मांसाच्या तयार चकत्यांमध्ये लिस्टेरिया हा जिवाणू सापडला होता. तो फ्रिजच्या थंडीतही वाढतो आणि वृद्ध, गरोदर स्त्रिया, आधीच आजारी असलेली माणसे यांच्या जिवावर बेततो. या साथीत वीसहून अधिक माणसे दगावली.

मॅकेन यांनी आधी काय केले ते सांगितले: माल परत मागवला, कारखाना बंद केला. मग आमच्या पदार्थांचा संबंध आजारपणाशी आणि मृत्यूंशी जोडला गेला आहे, असे सांगून घरच्यांच्या वेदनेबद्दल आम्हाला वाटणारे दुःख शब्दांत मावणार नाही, हेही म्हणाले. शेवटी आमचे प्रयत्न कमी पडले, असे सांगून माफी मागितली. पुरवठादार, सरकारी तपासनीस किंवा दुकानदार यांच्यावर बोट ठेवले नाही. पत्रकारांना त्यांनी सांगितले की, या काळात दोघांचा सल्ला ऐकणार नाही: वकिलांचा आणि हिशेबनिसांचा.

त्या निवेदनाचे वजन इथे आहे. वकील सहसा कबुलीचे शब्द गाळायला सांगतो, कारण कबुली कोर्टात अंगाशी येते. मग ‘ग्राहकांना झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत’ असे वाक्य तयार होते. मराठीत ही पळवाट फार सोपी आहे. ‘चूक झाली’ म्हटले की चूक करणारा वाक्यातून नाहीसा होतो. ‘आम्ही चुकलो’ म्हटले की तो समोर उभा राहतो. ‘कुणाला त्रास झाला असल्यास’ यातला ‘असल्यास’ तर दवाखान्यात पडलेल्या माणसालाच खोटे पाडतो. ज्याच्या घरात मृत्यू झाला त्याला ‘गैरसोय’ हा शब्द ऐकवणे क्रूरपणाच.

मॅकेन यांचे निवेदनही निर्दोष नव्हते. लिस्टेरिया अनेक पदार्थांत आणि परिसरात आढळतोच, हे त्यांचे वाक्य खरे, पण त्या घडीला ती सबब वाटते. आमचे निकष नियमांपेक्षा कडक आहेत, हेही त्या दिवशी बोलायचे नव्हते. पुढे 2009 च्या चौकशी अहवालात दिसले की, त्या कारखान्यातल्या काही यंत्रांवर लिस्टेरिया आधीही वारंवार सापडला होता. पण त्या नोंदी एकत्र ठेवून कुणी पाहिल्या नव्हत्या. जिवाणू चकत्या पाडणाऱ्या यंत्रांच्या आत, रोजच्या सफाईचा हात पोचत नाही अशा जागी दडला असावा, असा कंपनीचाच निष्कर्ष होता.

म्हणून असे निवेदन हाती आले की तीन गोष्टी शोधा. वाक्यात ‘आम्ही’ आहे का? कोणत्या पाकिटावरची कोणती तारीख पाहायची आणि ते पाकीट घरात असेल तर काय करायचे, हे लिहिले आहे का? आणि दोष कुठून शिरला, हे शोधून जाहीर करण्याचे वचन आहे का? ही तिन्ही नसतील, तर ती माफी नव्हे.