बोंड नव्हे, तोंडभर स्तन

तिसऱ्या दिवशी सकाळी वॉर्डात गेले, तर एक पहिलटकरीण डोळे पुसत बसली होती. मांडीवर बाळ रडत होतं. तिची आई म्हणाली, "सिस्टर, रात्रभर तासातासाला अंगावर घेतलं हो. हिला दूधच नाही. पावडरचं देऊ का?"

मी म्हटलं, "थांबा, आधी बाळ कसं पितंय ते बघू." बाळाने सोडलं तेव्हा बोंड एका बाजूने चपटं, नव्या लिपस्टिकच्या टोकासारखं तिरकं झालेलं होतं. असं बोंड दिसलं की दुधाची शंका घेण्याआधी मी बाळाची पकड तपासते.

दूध बोंडाच्या टोकाशी साठलेलं नसतं. ते आणणाऱ्या नळ्या बोंडाभोवतीच्या काळसर भागाखाली असतात, आणि बाळाची जीभ व खालचा जबडा तिथे पोचायला हवा. तसं झालं की बोंड तोंडात खूप आत, टाळूच्या मऊ भागापर्यंत जातं आणि दुखत नाही. नुसतं बोंडच धरलं, तर ते जीभ आणि कडक टाळू यांच्यात चेपलं जातं. आईला कळ येते, बाळाला थेंबथेंब मिळतं, ते अर्ध्या तासात पुन्हा रडतं, आणि घरचे म्हणतात दूध नाही.

या बाळाची बसण्याची तऱ्हाच चुकली होती. ते मांडीवर उताणं होतं आणि फक्त मान वळवून पीत होतं. मान पूर्ण बाजूला वळवून घोटभर पाणी गिळून पाहा, म्हणजे त्याची अडचण कळेल. आई त्याच्यावर वाकली होती, तिची पाठही भरून आली होती.

मी तिला पाठीला टेकवून बसवलं, मांडीवर उशी दिली आणि डाव्या बाजूला पाजायचं म्हणून बाळ उजव्या हातावर घेतलं. बाळाचं पोट आईच्या पोटाला चिकटलेलं, कान, खांदा आणि कंबर एका रेषेत. उजव्या तळव्याने मानेला आधार, अंगठा एका कानामागे आणि बोटं दुसऱ्या कानामागे. डोक्याला मागून ढकलायचं नाही, कारण त्याने बाळाची हनुवटी छातीकडे दुमडते, नाक दबतं आणि ते मागे झटकतं.

डाव्या हाताने स्तन खालून इंग्रजी 'U' सारखा धरला, अंगठा बाहेरच्या बाजूला, बोटं आतल्या बाजूला, काळसर भागापासून जरा लांब. जाड वडापाव खाताना आपण तो ओठांच्या रेषेत चेपतो, तसाच स्तन बाळाच्या ओठांच्या रेषेत चेपायचा. मग बोंड बाळाच्या नाकासमोर आणून वरच्या ओठाला हलकेच लावलं. बाळ जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांबलो. ही थांबण्याची कळ सोसावी लागते, अर्धवट उघडलेल्या तोंडात घालायची घाई करू नये. तोंड पूर्ण उघडताच बाळाला स्तनाकडे आणलं, आधी हनुवटी टेकवून.

नीट पकडीत हनुवटी स्तनात रुतलेली असते, खालचा ओठ बाहेर वळलेला असतो आणि काळसर भाग वरून जास्त, खालून कमी दिसतो. सुरुवातीला भराभर चोखणं, मग संथ, खोल चोखणं आणि मध्ये गिळल्याचा आवाज. नुसती कळ येत राहिली तर करंगळी बाळाच्या ओठांच्या कोपऱ्यातून आत घालून पकड सोडवावी आणि पुन्हा धरावं. ओढून काढलं की बोंडाला चीर पडते.

तिसऱ्या-चौथ्या दिवशी स्तन दगडासारखे टणक होतात, तेव्हा बाळाला धरताच येत नाही. आधी हाताने थोडं दूध काढून काळसर भाग मऊ करावा. सिझेरियन झालं असेल, तर कुशीवर झोपून किंवा बाळाला काखेखाली घेऊन पाजावं, म्हणजे टाक्यांवर भार येत नाही.

दूध पुरतंय का, हे लंगोट सांगतात. तिसऱ्या दिवशी निदान तीन ओले, पाचव्या दिवसापासून सहा किंवा अधिक, आणि काळी शी चौथ्या-पाचव्या दिवसापर्यंत पिवळी. या बाळाचं वजन 2900 ग्रॅमवरून 2700 वर आलं होतं, म्हणजे सात टक्क्यांच्या आत, जे पहिल्या दिवसांत चालतं. दहा टक्क्यांवर घट, पाचव्या दिवशीही काळी शी, कमी लघवी, प्यायला न उठणारं किंवा फार पिवळं बाळ, आईला ताप आणि लालबुंद स्तन असेल, तर पकड सुधारत बसू नका, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. पकड वारंवार नीट करूनही दुखतच असेल, तर बाळाची जीभ खाली जखडलेली आहे का, तेही तपासून घ्या.

दुपारी वॉर्डात परत गेले. बाळ झोपलेलं होतं, हाताच्या मुठी उघडलेल्या. तिच्या आईने लंगोट पुढे केला आणि विचारलं, "सिस्टर, ही शी हिरवट दिसतेय, चालेल ना?" म्हटलं, "चालेल, उद्या-परवा पिवळी होईल."